प्राचार्यांच्या निरोप समारंभात सेवेचा आढावा: सेवापुस्तकातून भाषण कसे उभे करावे

प्रश्न: आमच्या माध्यमिक विद्यालय व कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्राचार्य बाई मेअखेर सेवानिवृत्त होत आहेत. समारंभात पाहुण्यांसमोर त्यांच्या सेवेचा आढावा घेणारे भाषण माझ्याकडे आले आहे. कार्यालयातून सेवापुस्तक पाहायला मिळाले, पण ते वाचून काहीच सुचत नाही. चौतीस वर्षांची सेवा दहा मिनिटांत कशी सांगावी?

उत्तर:

सेवापुस्तक वाचून काही सुचले नाही, यात तुमची चूक नाही. ते पुस्तक मुख्यतः वेतनाचे आहे. पहिल्या पानावर जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, उंची, ओळखचिन्हे, बोटांचे ठसे. पुढे नेमणुकीची नोंद, वैयक्तिक मान्यतेचा क्रमांक, दर वर्षीची वेतनवाढ, रजेचा हिशेब, आणि १९९६, २००६ व २०१६ या वर्षांच्या १ जानेवारीपासून लागू झालेल्या वेतन आयोगांच्या वेतननिश्चितीची पाने. बाराव्या वर्षानंतरची वरिष्ठ श्रेणी आणि चोविसाव्या वर्षानंतरची निवड श्रेणी मिळाली असेल, तर त्यांचे आदेशही त्यात चिकटवलेले असतात. निवृत्तिवेतनाचे प्रकरण करणाऱ्या लिपिकाला यातला शब्दन् शब्द लागतो. समोर बसलेल्या पाहुण्याला यातल्या चार-पाच तारखांपलीकडे काहीही लागत नाही. तरीही अनेक समारंभांत वक्ता हेच पुस्तक उलगडत बसतो, आणि पाचव्या मिनिटाला मागच्या रांगांत कुजबुज सुरू होते.

म्हणून सेवापुस्तकातून फक्त तारखा उतरवून घ्या आणि ते कपाटात परत ठेवा. भाषणाचा मजकूर शाळेच्या इतर दप्तरात असतो. शिक्षकांचे मस्टर, बाई वर्गशिक्षिका असतानाचे वर्गांचे कॅटलॉग, जुनी वेळापत्रके, शाळेचा वार्षिक अंक, भेट देणाऱ्या अधिकाऱ्यांची शेरेबही, आणि सर्वांत दुर्लक्षित पण माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी म्हणजे जावक नोंदवही. शाळेने कोणाला, कधी, कशाबद्दल पत्र लिहिले याची एका ओळीची नोंद तिथे असते. माणूस कशाच्या मागे लागला होता, हे त्या नोंदींच्या वारंवारतेवरून कळते. जुनी कागदपत्रे निर्लेखित झाली असतील तर जुने शिपाई आणि सेवानिवृत्त सहकारी यांना विचारा. मात्र त्यांनी सांगितलेली तारीख लिखित पुरावा मिळेपर्यंत भाषणात घालू नका. प्रसंग घ्या, वर्ष मोघम ठेवा.

तारखांबाबत तीन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. पहिला सेवेच्या एकूण कालावधीचा. खाजगी अनुदानित शाळेतील शिक्षक ज्या महिन्यात ५८ वर्षे पूर्ण करतो, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, आणि जन्म एक तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. आपल्याकडे शाळेत नाव घालताना एका पिढीच्या जन्मतारखा सरसकट १ जून लिहिल्या गेल्या, त्यामुळे ३१ मे हा दिवस शिक्षकांच्या निरोपाचा जणू सार्वत्रिक मुहूर्त झाला आहे. (यावरून व्यासपीठावर विनोद करण्याचा मोह आवरा. ‘बाईंचा खरा जन्म तर श्रावणातला’ हे वाक्य घरगुती गप्पांत शोभते, शिक्षणाधिकारी समोर बसले असताना नाही.) मी नुकताच ज्या बाईंचा आढावा लिहिला त्या १२ जून १९९१ रोजी रुजू झाल्या आणि ३१ मे २०२५ रोजी निवृत्त झाल्या. ही सेवा ३३ वर्षे, ११ महिने आणि २० दिवसांची होते. चौतीस वर्षांना अकरा दिवस कमी. भाषणात ‘चौतीस वर्षे’ म्हणणे योग्यच आहे, पण निमंत्रणपत्रिकेत ३३, मानपत्रात ३४ आणि भाषणात ‘सुमारे पस्तीस’ असे तीन आकडे एकाच दिवशी ऐकू येऊ नयेत. आकडा एकदा ठरवा आणि पत्रिका छापायला जाण्याआधी सर्वांना कळवा.

दुसरा घोटाळा मान्यतेच्या तारखेचा. अनेकांनी तुकडी विनाअनुदानित असताना काम सुरू केले आणि शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता दोन-तीन वर्षांनी आली. निवृत्तिवेतनासाठी कोणती सेवा धरली जाते हा हिशेब वेगळा. तो कार्यालय करेल. पाहुण्यांना मात्र बाई पहिल्यांदा वर्गात उभ्या राहिल्या तो दिवस सांगायचा असतो, आणि तो मस्टरवरच्या पहिल्या सहीवरून कळतो. मस्टरची ती तारीख आणि सेवापुस्तकातली तारीख यांत फरक दिसला तर भाषणात मस्टरची तारीख घ्या, पण तिच्यापुढे ‘नियुक्ती’ हा शब्द टाळून ‘शिकवू लागल्या’ असे म्हणा, म्हणजे दोन्ही कागद खरे राहतात.

तिसरा घोटाळा माझ्या हातून झाला आहे, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो. एका सरांच्या निरोपाच्या भाषणात मी सेवापुस्तकावरून त्यांनी पद स्वीकारल्याची तारीख वाचली आणि त्यापुढे ‘आधीचे प्राचार्य निवृत्त होताच सरांनी धुरा हाती घेतली’ असे माझ्या मनाचे वाक्य जोडले. प्रत्यक्षात मधले सात महिने दुसऱ्या एका ज्येष्ठ शिक्षकांनी प्रभारी म्हणून शाळा सांभाळली होती. ते गृहस्थ पहिल्या रांगेत बसले होते. कार्यक्रमानंतर त्यांनी मला एवढेच विचारले, “ते सात महिने शाळा बंद होती का?” ही माहिती मला प्राचार्यांच्या दालनातच मिळाली असती, कारण ‘आजपर्यंतचे शाळाप्रमुख’ असा फलक तिथे माझ्या डोळ्यांसमोर टांगलेला होता आणि त्यावर प्रभारींचे नाव स्वच्छ लिहिले होते. तेव्हापासून मी तो फलक आणि सेवापुस्तक शेजारी शेजारी ठेवून पाहतो. स्वतः सत्कारमूर्ती आधी प्रभारी होत्या आणि नंतर त्यांना नियमित मान्यता मिळाली, असेही बऱ्याचदा असते. तेव्हा ‘२०१४ पासून शाळेची जबाबदारी बाईंकडे आहे’ असे म्हणावे. मान्यतेचा आदेश कधी आला हे सांगू नये.

आता ऐकणारे कोण, याचा विचार. निरोप समारंभात तीन प्रकारचे लोक असतात. सहकारी आणि संस्थाचालक यांना सगळे ठाऊक असते. माजी विद्यार्थ्यांना आपल्या वर्षापुरते ठाऊक असते. आणि बाईंचे माहेरचे-सासरचे नातेवाईक, मुलांच्या नोकरीच्या गावाहून आलेले व्याही, शेजारी, बाहेरून बोलावलेले प्रमुख पाहुणे, यांना बाई घरी कशा आहेत हे माहीत असते पण शाळेत त्यांनी नेमके काय केले याची कल्पना नसते. आढाव्याचे भाषण या तिसऱ्या गटासाठी आहे. म्हणून ‘संचमान्यता’, ‘समायोजन’, ‘वेतनेतर अनुदान’, ‘वैयक्तिक मान्यता’ हे कार्यालयात दिवसभर वापरले जाणारे शब्द इथे चालत नाहीत. ‘बाईंनी २०१६ च्या संचमान्यतेत दोन पदे वाचवली’ हे वाक्य शिक्षकांना टाळ्यांचे वाटते आणि व्याह्यांना काहीच सांगत नाही. तेच ‘मुले कमी झाली म्हणून दोन शिक्षकांना दुसऱ्या शाळेत जावे लागणार होते, बाईंनी आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर फिरून मुले शाळेत आणली आणि ते दोघे शिक्षक आजही इथे आहेत’ असे सांगितले तर सभागृहातला प्रत्येक जण समजतो, आणि ते दोघे शिक्षक मान खाली घालून हसतात.

याच कारणाने हे भाषण बाईंविषयी पाहुण्यांना सांगायचे आहे, बाईंना उद्देशून करायचे नाही. ‘बाई रुजू झाल्या’, ‘बाईंनी केले’ अशी तृतीयपुरुषी वाक्ये शेवटपर्यंत ठेवा. बरेच वक्ते एका परिच्छेदात पाहुण्यांशी बोलतात, पुढच्यात ‘बाई, तुम्ही आम्हाला घडवलेत’ म्हणून बाईंकडे वळतात, आणि परत पाहुण्यांकडे येतात. ऐकणाऱ्याला आपल्याशी बोलणे चालू आहे की आपण दुसऱ्यांचे बोलणे ऐकतो आहोत, हे कळेनासे होते. बाईंकडे वळायचेच असेल तर अगदी शेवटच्या एका वाक्यात वळा. मनातले बोलण्यासाठी शिक्षकांची आणि विद्यार्थ्यांची मनोगते असतातच, आणि अलंकारिक भाषेसाठी मानपत्र असते. आढाव्यात मानपत्राची भाषा आली की दोन्हींचा प्रभाव जातो. ‘ज्ञानगंगा’, ‘दीपस्तंभ’, ‘वटवृक्ष’ हे शब्द मानपत्र लिहिणाऱ्याकडे सोपवून मोकळे व्हा.

चौतीस वर्षे सांगायची म्हणजे वर्षानुवर्षे पुढे जायचे नाही. पदांचा क्रम (सहशिक्षिका, पर्यवेक्षिका, उपप्राचार्य, प्राचार्य) दोन वाक्यांत संपवा. उरलेल्या वेळात दोन किंवा फार तर तीन गोष्टी घ्या, आणि प्रत्येक गोष्टीला दप्तरातला एक पुरावा जोडा. वर ज्या बाईंचा उल्लेख केला त्यांचेच उदाहरण घेतो.

सुरुवातीला सहकाऱ्यांनी मला जे सांगितले ते असे होते: बाई शिस्तप्रिय, मनमिळाऊ, मुलींच्या शिक्षणाविषयी तळमळ असलेल्या. ही विशेषणे कोणत्याही बाईंना लागू पडतात. मी विचारले की तळमळ दिसली कशात, तेव्हा एका निवृत्त शिपाईमामांनी सांगितले, “त्या एसटीच्या मागे लागल्या होत्या.” जावक नोंदवही काढली. जून १९९७ ते ऑगस्ट १९९८ या चौदा महिन्यांत आगार व्यवस्थापकांना सात पत्रे गेली होती आणि प्रत्येकाचा विषय एकच, सकाळच्या गाडीची वेळ. मग त्या वर्षांचे बाईंच्या नववीच्या वर्गाचे कॅटलॉग पाहिले. खालच्या चार गावांतून येणाऱ्या मुलींच्या नावांपुढे सकाळच्या सत्रात रोज उशिराची खूण होती. शाळा पावणेअकराला भरत असे आणि गाडी सव्वाअकराला पोचे. पहिली तासिका गणिताची, आणि गणित बाईंचेच. त्या गावांत जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत होती, त्यामुळे पुढे शिकायचे तर हीच गाडी. सप्टेंबर १९९८ च्या कॅटलॉगात त्या खुणा थांबतात, कारण गाडी सव्वादहाला येऊ लागली.

इथे एक सावधगिरी. पुढच्या सहा वर्षांत दहावीला बसणाऱ्या मुलींची संख्या अकरावरून चौतीसवर गेली होती, आणि ‘बाईंनी गाडी आणली म्हणून मुली तिप्पट झाल्या’ असे लिहिण्याचा मोह मला झाला. पण त्याच काळात रस्ता डांबरी झाला होता, गावांत दुधाचा पैसा येऊ लागला होता आणि मुलींना एसटीचा मोफत पासही मिळत होता. म्हणून दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या आणि ‘मुळे’ हा प्रत्यय गाळला. प्रत्यक्ष भाषणातला तो भाग असा होता:

“१२ जून १९९१ रोजी बाई या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवू लागल्या. आपण आज ज्या सभागृहात बसलो आहोत ते तेव्हा नव्हते. इथे पत्र्याच्या चार खोल्या होत्या आणि पाऊस आला की शिकवणे ऐकू येत नसे. पुढे बाई पर्यवेक्षिका झाल्या, उपप्राचार्य झाल्या आणि २०१४ पासून शाळेची जबाबदारी त्यांच्याकडे आहे. या पदांविषयी मी याहून अधिक बोलणार नाही, कारण मला आपल्याला एका एसटीची गोष्ट सांगायची आहे. १९९७ साली खालच्या चार गावांतून येणाऱ्या मुलींची गाडी शाळा भरल्यावर अर्ध्या तासाने पोचत असे. बाईंच्या तासाची पहिली तीस मिनिटे त्या मुलींनी वर्षभर ऐकलीच नव्हती. बाईंनी आगाराला पत्र लिहिले. उत्तर आले नाही, म्हणून दुसरे लिहिले. आपल्या कार्यालयातल्या नोंदवहीत अशा सात पत्रांची नोंद आहे. दरम्यान, गाडी बदलेपर्यंत, बाईंनी मुख्याध्यापकांना सांगून स्वतःचा गणिताचा तास पहिल्यावरून तिसऱ्यावर नेला. सप्टेंबर १९९८ मध्ये गाडी लवकर येऊ लागली. त्या वर्षी दहावीला अकरा मुली होत्या. सहा वर्षांनी चौतीस होत्या. त्या चौतिसांपैकी काही आज इथे आल्या आहेत, आणि त्यांच्यापैकी एक आता याच शाळेत गणित शिकवते.”

यात बाईंना एकही विशेषण नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. तास पहिल्यावरून तिसऱ्यावर नेल्याची नोंद मला जुन्या वेळापत्रकात मिळाली, तीही चुकून. खाडाखोड केलेल्या चौकोनात बाईंची आद्याक्षरे आणि त्याखाली मुख्याध्यापकांची सही होती. सात पत्रांहून हा बदल मला मोठा वाटतो, कारण पत्र लिहिणे कोणालाही सुचते, पण गाडी येत नाही तोवर काय करायचे हे वर्गात उभे राहणाऱ्यालाच सुचते. भाषणात मी त्यावर भाष्य केले नाही. पाहुण्यांना ते आपोआप कळले.

दुसरी गोष्ट निकालांची, आणि इथे सर्वांत जास्त चुका होतात. प्राचार्यांच्या कारकिर्दीतल्या दहावीच्या निकालाची चढती कमान दाखवणे ही जवळजवळ प्रथाच आहे. पण गेल्या दशकातले आकडे एकमेकांशी तुलना करण्याजोगे नाहीत. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता, २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला, २०२० मध्ये ९५.३० टक्क्यांवर गेला आणि २०२१ मध्ये ९९.९५ टक्के लागला. २०१९ ची घसरण नव्या अभ्यासक्रमाबरोबर भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत २० गुण काढून घेतल्याने झाली. पुढच्या वर्षी ते गुण परत आले. २०२० ला भूगोलाचा पेपर टाळेबंदीमुळे झालाच नाही, आणि २०२१ ला परीक्षाच झाली नाही, निकाल अंतर्गत मूल्यमापनावर लागला. तेव्हा ‘बाईंच्या नेतृत्वाखाली २०२१ मध्ये शाळेने प्रथमच शंभर टक्के निकालाचा टप्पा गाठला’ असे कोणी बोलले की शिक्षण विभागातून आलेला पाहुणा मनात हसतो. त्याउलट २०१९ चा निकाल पडला असेल तर तो लपवण्याचेही कारण नाही. त्या वर्षी राज्य बारा टक्क्यांनी खाली आले आणि शाळा फक्त चार टक्क्यांनी, असे असेल तर तीच सांगण्याजोगी गोष्ट आहे. टक्केवारीबरोबर किती विद्यार्थी बसले होते हे सांगितल्याशिवाय आकडा देऊ नका. अठरा मुलांचा शंभर टक्के आणि एकशे ऐंशी मुलांचा ब्याण्णव टक्के यांत कोणता निकाल मोठा, हे पाहुण्यांचे पाहुणे ठरवतील.

माझ्या उदाहरणातल्या बाईंसाठी मी निकाल पूर्णपणे गाळले आणि त्या जागी २०२० चे वर्ष घेतले. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर वर्गशिक्षकांनी फोन करून मुलांच्या घरी कोणते साधन आहे याची यादी केली होती, आणि ती यादी कार्यालयात अजून होती. नववी-दहावीच्या २१४ मुलांपैकी ६१ जणांच्या घरी चालू स्मार्टफोन नव्हता. त्यांच्यासाठी स्वाध्यायपत्रिका छापून गावोगावच्या दूध संकलनाच्या गाडीबरोबर सोमवारी पाठवल्या जात आणि शनिवारी सोडवलेल्या परत येत. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग पुन्हा भरू देण्यात आले तोपर्यंत हे चालले. ही कल्पना बाईंची नव्हती, एका तरुण शिक्षकाची होती, आणि बाईंनी मला ते आवर्जून सांगितले. भाषणात मी तसेच म्हटले: कल्पना एका सहकाऱ्याची, परवानगी आणि कागदाचा खर्च बाईंचा. शाळाप्रमुखाच्या आढाव्यात इतरांचे श्रेय त्यांना दिले की शाळाप्रमुखाचे काम काय असते हे बाहेरच्या माणसाला पहिल्यांदा नीट कळते, आणि सभागृहातले सहकारीही ते भाषण आपले मानतात.

तिसरी गोष्ट घ्यायची असेल तर ती लहान घ्या. या बाई प्राचार्य झाल्यावरही नववीच्या एका तुकडीचे गणित सोडायला तयार नव्हत्या. दर वर्षीच्या वेळापत्रकात त्यांच्या नावापुढे आठवड्याला सहा तासिका दिसतात. एवढेच दोन वाक्यांत सांगितले आणि पुढे गेलो.

जे सांगायचे नाही त्याविषयी. लांब सेवेत कटू प्रसंग असतातच: संस्थेशी वाद, एखादी चौकशी, ज्येष्ठतेवरून न्यायालयात गेलेले प्रकरण, शिक्षकांत पडलेले दोन गट. निरोपाच्या दिवशी यांवर मौन पाळणे हा शिष्टाचार आहे आणि त्यात अप्रामाणिकपणा नाही. मात्र मौनाच्या पलीकडे जाऊन उलट विधान करू नका. ज्या दोघांनी एकमेकांविरुद्ध चार वर्षे अर्ज केले ते दोघेही समोर असताना ‘बाईंचे सर्वांशी सदैव सलोख्याचे संबंध राहिले’ असे म्हटले, तर तुमच्या बाकीच्या खऱ्या वाक्यांवरचाही विश्वास उडतो. तसेच संस्थेचे पदाधिकारी व्यासपीठावर आहेत म्हणून प्रत्येक इमारतीचे श्रेय बाईंना देऊन त्यांना अवघडवू नका. देणगीदाराचे नाव कोनशिलेवर असते, ते वाचून या. कुटुंबाचा उल्लेख एका वाक्यात करा, आणि ‘त्यागमूर्ती’ वगैरे शब्द न वापरता नेमके काय झाले ते सांगा: परीक्षेच्या दिवसांत यजमान सकाळी सातला बाईंना केंद्रावर सोडत असत, एवढे पुरे होते. मृत झालेल्या कुटुंबीयांचा उल्लेख आधी घरच्यांना विचारल्याशिवाय करू नका.

मसुदा बाईंना दाखवावा का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. पूर्ण मसुदा दाखवू नका, कारण त्या संकोचाने चांगल्या वाक्यांवर काट मारतील. तारखा, पदे, गावांची नावे आणि ज्यांचा उल्लेख होणार आहे त्या व्यक्तींची नावे एका कागदावर लिहून तेवढे तपासून घ्या. कार्यालयीन अधीक्षकांकडूनही तोच कागद पाहून घ्या. एसटीच्या बाबतीत मी गाडी ‘ऑगस्ट’मध्ये सुरू झाली असे लिहिले होते, शेवटचे पत्रच ऑगस्टचे होते हे त्यांनी दाखवून दिले.

लांबीचा हिशेब सोपा आहे. सभागृहात, ध्वनिक्षेपकावर, श्वास घेत वाचले तर मिनिटाला साधारण शंभर ते एकशे दहा मराठी शब्द होतात. तुम्हाला दहा मिनिटे दिली असली तरी आठ मिनिटांचे, म्हणजे साडेआठशे शब्दांचे भाषण लिहा. उरलेली दोन मिनिटे टाळ्या, वीज आणि व्यासपीठावर उशिरा येणारे पाहुणे यांच्यासाठी लागतात. सुरुवातीला ‘आदरणीय व्यासपीठ आणि उपस्थित पाहुणे मंडळी’ एवढेच म्हणा. सूत्रसंचालकाने सर्वांची नावे घेतलेली असतात आणि प्रास्ताविक करणाऱ्याने पुन्हा घेतलेली असतात. तिसऱ्यांदा घेताना एखादे नाव राहिले तर रुसवा तुमच्या वाट्याला येतो.

कार्यक्रमपत्रिकेत तुमचे भाषण कुठे ठेवले आहे तेही पाहून घ्या. अनेक ठिकाणी आधी शाल-श्रीफळ, मग मानपत्र, मग दहा मनोगते आणि शेवटी आढावा असा क्रम लावतात. तोपर्यंत सगळे किस्से मनोगतांत सांगून झालेले असतात, आणि पाहुणे जेवणाच्या वासाकडे लक्ष देऊ लागलेले असतात. आढावा प्रास्ताविकानंतर लगेच आणि सत्काराच्या आधी हवा, म्हणजे शाल कोणाच्या आणि कशासाठी खांद्यावर पडते आहे हे दुरून आलेल्या माणसाला ठाऊक असते. सूत्रसंचालकाशी आदल्या दिवशीच बोला, आणि तुमच्या शेवटच्या वाक्याची एक प्रत त्यांना द्या. माझ्या भाषणाचे शेवटचे वाक्य होते, “बाई, सोमवारपासून पहिल्या तासाला उशीर झाला तरी चालेल,” आणि ते संपताच सूत्रसंचालकांनी सत्कारासाठी अध्यक्षांना विनंती केली. मध्ये कोणी ‘धन्यवाद, जय हिंद’ म्हणायला जागाच उरली नाही.